३२० खोल्यांतला अनुभव ४२ खोल्यांत चालेल का? हॉटेलचा रेझ्युमे जाहिरातीशी ताडून कसा वाचावा

'फ्रंट ऑफिस असोसिएट, चार वर्षांचा अनुभव, पंचतारांकित हॉटेल, ओपेरा येते.' रेझ्युमेवरच्या या ओळीवरून माणूस दिवसभर काय करत होता, ते कळत नाही. विमानतळाजवळच्या ३२० खोल्यांच्या हॉटेलात हा माणूस एका शिफ्टमध्ये पंचवीस चेक-इन करत असेल आणि त्यातल्या एकाही पाहुण्याशी त्याची दुसऱ्यांदा गाठ पडत नसेल. ४२ खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये त्याच पदावरचा माणूस शिफ्टला सहाच चेक-इन करत असेल, पण फोन, आरक्षण, गाडीची सोय, तक्रारी आणि रात्रीचा हिशेब हे सगळं त्याच्याच हातून जात असेल. पद एक, वर्षं तेवढीच, काम मात्र निराळं.

भरतीच्या सुरुवातीच्या काळात मी एक चूक वारंवार केली. हॉटेलचं नाव मोठं दिसलं की रेझ्युमे वर ठेवायचा आणि नाव अनोळखी असलं की खाली. अशी निवडलेली दोन-तीन माणसं पहिल्या दोन महिन्यांत निघून गेली. ती कामाला कमी नव्हती. ज्या प्रकारचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं, तेच आम्ही त्यांच्यापुढे ठेवलं होतं, आणि ते रेझ्युमेत आधीच दिसत होतं. तेव्हापासून मी ठरावीक क्रमाने वाचतो. तो क्रम इथे एका उदाहरणासकट मांडतो. उदाहरण मुख्यतः रिसेप्शनचं आहे. किचनसाठी वाचन कुठे बदलतं ते शेवटी येईल.

आधी जाहिरात वाचा, रेझ्युमे नंतर

जाहिरातीत 'उत्कृष्ट पाहुणचार', 'हसतमुख व्यक्तिमत्त्व', 'उच्च सेवा मानकं' असे शब्द असतात. यांच्याशी कुठलाही रेझ्युमे ताडून पाहता येत नाही, कारण तेच शब्द रेझ्युमेतही असतात. म्हणून विभागप्रमुखासोबत दहा मिनिटं बसून प्रत्येक विशेषणाची कृती करून घ्यायची: कोण, कुठे, किती वेळात, काय करतो? 'फोन तीन रिंगच्या आत उचलायचा' हे मानक झालं. 'फोनवर नम्र असावं' ही नुसती इच्छा.

समजा जागा ४२ खोल्यांच्या, वस्तीपासून लांब असलेल्या रिसॉर्टमधली आहे. चर्चेनंतर जाहिरातीच्या या पाच ओळी उरल्या:

- पाहुणा गाडीतून उतरतो तिथेच रिसेप्शनचा माणूस त्याला भेटतो, खोलीपर्यंत सोबत जातो आणि नोंदणी खोलीतच करून घेतो.
- आदल्या दिवशी पाहुण्याला फोन करून येण्याची वेळ, खाण्याचं पथ्य, चालण्याची अडचण विचारली जाते आणि ते किचन व हाऊसकीपिंगला कळवलं जातं.
- पाहुणा सरासरी अडीच रात्री राहतो. दुसऱ्या भेटीपासून त्याला नावाने हाक मारायची.
- ठरलेल्या रकमेपर्यंतची तक्रार रिसेप्शननेच सोडवायची, वरिष्ठांची वाट पाहायची नाही.
- रात्री डेस्कवर एकच माणूस, आणि नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, तेही त्यानेच करायचं.

आता प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे आल्यावर शिकवता येईल की येतानाच हवं? आदल्या दिवशीचा फोन आठवड्यात शिकवता येतो. खोलीत बसून नोंदणी करणंही दोन-चार वेळा सोबत जाऊन शिकता येतं. तक्रारीत स्वतः निर्णय घेणं आणि रात्री एकट्याने हॉटेल सांभाळणं पंधरा दिवसांत येत नाही. म्हणजे या जागेसाठी रेझ्युमेत शोधायच्या गोष्टी दोनच: एकट्याने निर्णय घेतल्याचा पुरावा, आणि त्याच पाहुण्यासोबत दोन-तीन दिवस काम केल्याचा पुरावा.

ओपेरासारख्या हॉटेल-सॉफ्टवेअरचं नाव मुद्दामच यादीत नाही. एका प्रॉपर्टी मॅनेजमेंट सिस्टिमवर नीट काम केलेला माणूस दुसऱ्या सिस्टिमवर साधारण दोन आठवड्यांत रुळतो, कारण आरक्षण, फोलिओ, खोलीची स्थिती, दिवस बंद करणं या कल्पना सगळीकडे त्याच असतात. 'ओपेरा येत नाही' म्हणून बाजूला पडलेल्या रेझ्युमेंत चांगली माणसं हमखास असतात.

हॉटेलच्या नावाऐवजी हॉटेलचा आकार लिहा

रेझ्युमेवर प्रत्येक नोकरीशेजारी पेन्सिलने चार गोष्टी लिहायच्या: खोल्या किती, पाहुणा कोणता, तो साधारण किती रात्री राहतो आणि शिफ्टला डेस्कवर माणसं किती. पहिल्या दोन हॉटेलच्या संकेतस्थळावरून कळतात. उरलेल्या दोन उमेदवारालाच विचाराव्या लागतात, पण आधी अंदाज करायचा.

आमच्या उदाहरणातल्या उमेदवार विमानतळाजवळच्या ३२० खोल्यांच्या हॉटेलात चार वर्षं आहेत. रेझ्युमेतली त्यांची सगळ्यात ठळक ओळ: 'दररोज १६० चेक-इन हाताळले.' हिशेब करून पाहू. ८० टक्के खोल्या भरलेल्या धरल्या तर २५६ खोल्या झाल्या. अशा हॉटेलात पाहुणा एक-दोन रात्रीच थांबतो, सरासरी १.६ रात्री धरली तर रोज १६० आगमनं होतात. आकडा बरोबर आहे, पण तो साऱ्या हॉटेलचा. दुपार-संध्याकाळच्या शिफ्टमध्ये त्यातली ६० टक्के आगमनं आली आणि डेस्कवर चार जण असले, तर एका माणसाच्या वाट्याला २४ येतात.

त्यातही एक खाच आहे, आणि विमानतळाजवळच्या हॉटेलात काम न केलेल्याच्या ती सहसा लक्षात येत नाही. अशा हॉटेलात विमान कंपन्यांचे कर्मचारी रोज ठरावीक संख्येने उतरतात. त्यांच्या खोल्या आधी लावून ठेवलेल्या असतात, चाव्यांची पाकिटं तयार असतात, बिल थेट कंपनीला जातं. एक सही घेतली आणि पाकीट हातात दिलं की चेक-इन संपलं. १६० मध्ये असे ६० असतील तर पाहुण्याशी खरोखर बोलून केलेले चेक-इन १०० उरतात, आणि आपल्या उमेदवारांच्या वाट्याला शिफ्टमध्ये पंधराएक.

हे करताना उमेदवार खोटं बोलतात असं गृहीत धरू नका. मोठ्या हॉटेलात काम करणारी माणसं विभागाचा आकडा सहज आपला म्हणून लिहितात. तिथे बोलतानाही सगळे तसेच बोलतात. आकडा एका माणसापर्यंत आणणं हे वाचणाऱ्याचं काम.

आता हाच हिशेब आपल्या रिसॉर्टचा. ४२ पैकी ७० टक्के म्हणजे साधारण २९ खोल्या भरलेल्या. अडीच रात्रींच्या मुक्कामाने रोज बारा आगमनं होतात, दोन माणसांत सहा-सहा. पण एकेक आगमन वीस-पंचवीस मिनिटांचं, आणि हाच पाहुणा पुढचे दोन दिवस रोज चार वेळा डेस्कपाशी येणार. उमेदवारांचा वेग सिद्ध झालेला आहे. तो इथे फारसा लागणार नाही. जे लागणार आहे त्याचा पुरावा अजून सापडायचा आहे, तेव्हा आता बाकीच्या ओळी वाचायच्या.

एकेक ओळ, क्रियापदापासून

या रेझ्युमेत आणखी चार ओळी कामाच्या आहेत.

'नाइट ऑडिटमध्ये सहभाग.' सहभाग हा शब्द दिसला की थांबायचं. मोठ्या हॉटेलात रात्रीची तुकडी वेगळी असते, काही ठिकाणी नाइट ऑडिटर हिशेब विभागाचा असतो, आणि डेस्कवरचा माणूस फक्त रिपोर्ट काढून देतो. एकट्याने ऑडिट केलेला माणूस 'केलं' असं लिहितो आणि बहुधा किती महिने तेही लिहितो. ही ओळ संशयात गेली, नकारात नाही. विचारायचा प्रश्न तयार झाला.

'एक्झिक्युटिव्ह लाउंजमध्ये आठ महिने.' ही ओळ रेझ्युमेत अगदी तळाला होती, आणि माझ्या मते कागदावरची सगळ्यात महत्त्वाची हीच. लाउंजमध्ये पाहुणा खुर्चीत बसतो, नोंदणी तिथेच होते, तोच माणूस सकाळी नाश्त्याला आणि संध्याकाळी परत येतो. चहाची आवड, खोलीची पसंती, पुढच्या भेटीची तारीख हे सगळं लाउंजमधल्या माणसाला ठाऊक असावं लागतं. आमच्या पाच ओळींपैकी पहिली आणि तिसरी या आठ महिन्यांत येतात. उमेदवारांना स्वतःलाच त्याचं मोल कळलेलं नव्हतं, म्हणून ती ओळ तळाला होती.

'ओव्हरबुकिंगच्या वेळी पाहुण्यांना दुसऱ्या हॉटेलात पाठवण्याची जबाबदारी.' खोली नसताना आरक्षण असलेल्या पाहुण्याला दुसरीकडे पाठवणं हे डेस्कवरच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक. ते कुणी ठरवलं, गाडी आणि खोलीचा खर्च कुणी मंजूर केला, यावर या ओळीचं वजन ठरतं. ड्युटी मॅनेजरने ठरवून दिलं आणि उमेदवारांनी फक्त सांगितलं, तर ओळ हलकी. स्वतः ठरवलं असेल तर चौथ्या मानकाचा पुरावा मिळाला.

'अपसेलिंगमध्ये महिन्यातील सर्वोत्तम.' चांगलं आहे, पण आमच्या जागेला लागू नाही. अडीच रात्री थांबणारा पाहुणा खोली बहुतेक आधीच ठरवून येतो, आणि दारात उतरल्या उतरल्या महागडी खोली सुचवणं या स्वागताशी जुळत नाही. बिझनेस हॉटेलची जागा असती तर हीच ओळ वर आली असती.

प्रशिक्षणाचे महिने अनुभवात धरलेत का, तेही याच वाचनात पाहून घ्यायचं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण चार विभागांत वाटलं गेलं तर फ्रंट ऑफिसला सहा-सात आठवडे येतात. 'साडेचार वर्षांचा अनुभव' त्यामुळे चारच्या थोडा वर राहतो.

इथे दोन ठिकाणी घाईचा निष्कर्ष काढू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पाच-सहा महिन्यांच्या लागोपाठ नोकऱ्या दिसल्या की माणूस टिकत नाही असा शेरा मारला जातो. आधी ती हॉटेलं हंगामी होती का ते पाहा. हंगाम संपला की तिथली नोकरी संपते. क्रूझवरची कामंही काही महिन्यांच्या कराराची असतात. असा माणूस त्याच ठिकाणी पुढच्या हंगामात पुन्हा बोलावला गेला असेल तर तो टिकण्याचाच पुरावा. दुसरी जागा म्हणजे हॉटेल सुरू होण्याआधीपासूनची नोकरी. उद्घाटनाआधी तीन महिने आणि नंतर सहा महिने काम केलेल्या माणसाने कार्यपद्धती लिहिल्या, सिस्टिममध्ये खोल्या आणि दर भरले, माणसं शिकवली. पण त्या सहा महिन्यांत हॉटेल अर्धंही भरलेलं नसणार. बसवण्याचा अनुभव खरा, गर्दीचा अनुभव जवळजवळ नाही. जाहिरातीला कोणता हवा आहे ते पाहून ठरवायचं.

फोनवर चारच प्रश्न

वाचून झालं की मुलाखतीआधी पंधरा मिनिटांचा फोन. 'स्वतःबद्दल सांगा' नको. रेझ्युमेतल्या ज्या ओळी संशयात गेल्या, तेवढ्यांवरच बोलायचं.

पहिला प्रश्न ऑडिटचा: 'रात्री ऑडिट सुरू करण्याआधी काय काय पाहत होता, क्रमाने सांगाल?' ज्याने केलंय तो यादीपासून सुरू करतो. आरक्षण आहे पण आलेले नाहीत असे कोण, आज जायचे होते पण गेले नाहीत असे कोण, प्रत्येक कॅशिअरचा हिशेब बंद झाला का, खोल्यांचे दर आरक्षणाशी जुळतात का. न आलेल्यांचा आणि न गेलेल्यांचा निकाल लावल्याशिवाय दिवस पुढे ढकलता येत नाही, हे तो आपणहून बोलतो. त्यानंतर खोलीभाडं आणि कर लागतात, तारीख बदलते, रिपोर्ट निघतात. ज्याने फक्त रिपोर्ट काढले तो रिपोर्टांची नावं सांगतो आणि आधीच्या भागावर अडखळतो. आमच्या उमेदवारांनी क्रम बरोबर सांगितला, आणि स्पष्टपणे हेही सांगितलं की त्यांनी तो सहा-सात रात्रीच केला, तोही सोबत कुणी असताना.

दुसरा प्रश्न आकड्याचा: 'संध्याकाळी डेस्कवर किती जण असायचात, आणि विमान कंपनीचे किती?' उत्तर आमच्या अंदाजाच्या जवळपास आलं. माणूस आपल्या कामाचा आकडा जाणतो की नाही, एवढंच या प्रश्नातून कळतं, आणि तेवढं पुरतं.

तिसरा ओव्हरबुकिंगचा: 'दुसऱ्या हॉटेलात पाठवायला शेवटचा पाहुणा कोणता निवडलात आणि का?' याचं उत्तर लक्ष देऊन ऐका. अनुभवी माणूस सांगतो की एकाच रात्रीचा मुक्काम असलेला, एकटा, अजून न पोहोचलेला पाहुणा पाहिला. लहान मुलं सोबत असलेले, पुन्हा पुन्हा येणारे यांना हात लावला नाही. आणि पाहुणा दारात येण्याआधी दुसऱ्या हॉटेलातली खोली पक्की करून गाडी उभी ठेवली. आमच्या उमेदवारांनी निवड स्वतः केली होती, खर्चाची परवानगी मात्र ड्युटी मॅनेजरची होती.

चौथा लाउंजचा: 'तिथला एखादा पाहुणा आठवतो, जो तीन दिवस राहिला?' त्यांना एक वयस्कर जोडपं आठवलं. पहिल्या सकाळी आजोबांना बुफेच्या टेबलापर्यंत चालणं जड जातंय हे पाहून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं आणि नाश्ता जागेवर नेला. हाऊसकीपिंगला सांगून न्हाणीघरात घसरू नये अशी चटई टाकून घेतली. कुणी सांगितलेलं नव्हतं.

पाच ओळींपुढे आता असं लिहिलं गेलं: स्वागत आणि खोलीतली नोंदणी, जवळचा अनुभव आहे. आदल्या दिवशीचा फोन, नाही, शिकवायचा. नावानिशी ओळख, आहे. तक्रारीत निर्णय, अर्धा आहे. खर्चाची मर्यादा लेखी द्यावी लागेल. रात्रीचं एकटेपण, नाही. म्हणून निर्णय असा की मुलाखतीला बोलवायचं, पण पहिले सहा आठवडे रात्रपाळीत एकटं ठेवायचं नाही आणि ऑडिट निदान दहा रात्री जुन्या माणसासोबत करवून घ्यायचं. रिसॉर्टला उद्यापासूनच रात्रीचा माणूस हवा असता, तर हाच चांगला रेझ्युमे या जागेसाठी नाकारावा लागला असता.

किचनच्या जागेसाठी वाचन कुठे बदलतं

किचनमध्ये खोल्यांऐवजी कव्हर्स, म्हणजे एका वेळेला जेवून गेलेली माणसं, मोजतात, आणि आकड्याइतकीच सेवेची पद्धतही महत्त्वाची. 'रोज ५०० कव्हर्स' बुफे आणि बँक्वेटचे असतील तर त्या माणसाला मोठ्या प्रमाणात शिजवणं, लवकर थंड करणं, पुन्हा गरम करणं आणि एकसारख्या २०० प्लेट्स ओळीने लावणं येतं. ८० कव्हर्सच्या आ ला कार्ट रेस्टॉरंटमध्ये त्याच्यापुढे एकाच टेबलाच्या चार वेगवेगळ्या ऑर्डर येतील, आणि त्या एकाच क्षणी पासवर, म्हणजे प्लेट्स वाढप्यांच्या हाती देण्याच्या जागी, पोहोचायला हव्यात. ५०० चा आकडा ८० पेक्षा मोठा आहे म्हणून हे काम त्याला सोपं जाईल, असं मुळीच नाही. उलट दिशेनेही तसंच: आ ला कार्टचा उत्तम माणूस मोठ्या समारंभात थंड करण्याच्या आणि प्लेट लावण्याच्या वेळा चुकवतो.

पदाचंही तसंच. मोठ्या किचनमधला कॉमी, म्हणजे कनिष्ठ स्वयंपाकी, वर्षभर एकाच विभागात भाज्या आणि सॉसची तयारी करतो. छोट्या किचनमधला कॉमी पहिल्याच महिन्यात हॉट रेंजवर उभा राहतो. मोठ्या किचनमधला शेफ द पार्टी आपला विभाग, त्यातले लोक आणि मागणीची यादी सांभाळतो. छोट्या ठिकाणी त्याच पदाखाली एकही माणूस नसतो. म्हणून पदाऐवजी रेझ्युमेत तीन गोष्टी शोधा: कोणता विभाग, त्यात हाताखाली किती जण, आणि गर्दीच्या तासात किती प्लेट्स. विभाग लिहिलेलाच नसेल तर तो फोनवरचा पहिला प्रश्न.

अन्नसुरक्षेची ओळ आता जवळपास प्रत्येक रेझ्युमेत असते: 'हॅसॅपचं ज्ञान.' तिच्यावर एकच प्रश्न पुरतो: 'संध्याकाळी उरलेला दहा लिटर सूप उद्यासाठी ठेवायचा आहे, काय कराल?' हात बसलेला माणूस सूप उथळ ट्रेंमध्ये ओततो किंवा ब्लास्ट चिलर, बर्फाचं पाणी वापरतो, आणि वेळ सांगतो: सुमारे ६० अंशांवरून दोन तासांत २१ वर, पुढच्या चार तासांत ५ अंशांवर. नियमाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दोन टप्पे आहेत आणि पहिला टप्पा जास्त घाईचा आहे, हे त्याला ठाऊक असतं. मग तो तापमान लिहून ठेवण्याबद्दल बोलतो. 'भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेवेन' असं उत्तर आलं तर ती ओळ प्रमाणपत्रापुरतीच होती. खोल भांड्याच्या मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, हे त्याने कधी थर्मामीटर घालून पाहिलेलं नाही.

किचनमध्ये कागदावरून शेवटचं ठरत नाही. चाचणी घ्यावीच लागते. पण ती जाहिरातीला जुळणारी असू द्या. आ ला कार्टच्या जागेसाठी 'तुमची आवडती डिश करून दाखवा' म्हणणं निरुपयोगी, कारण दोन तास निवांत मिळाले तर एक प्लेट बहुतेकांना सुंदर जमते. तीन वेगळ्या डिशच्या ऑर्डर चार-चार मिनिटांच्या अंतराने द्या, दुसरी ऑर्डर मध्येच बदला, आणि तिन्ही प्लेट्स एकत्र मागा. हाताशी काय काय आधीच मांडून ठेवलं, बदल ऐकल्यावर आधी कशाकडे वळला, संपल्यावर टेबल कसं होतं, हे लिहून घ्या. चव त्यानंतर पाहा. बँक्वेटच्या जागेसाठी चाचणी निराळी: एका प्लेटची कृती हातात देऊन विचारा की १२० माणसांसाठी ती आदल्या दिवसापासून कशी लावाल, कुठलं काम किती वाजता. उत्तर कागदावर वेळापत्रकाच्या रूपात लिहून घ्या आणि त्यात शिजवलेलं अन्न थंड करायला किती तास ठेवलेत, ते आधी पाहा.